उभ्या वर्तुळाच्या माथ्यावरील किमान चाल

दोरीला बांधलेली वस्तू उभ्या वर्तुळात फिरत असताना माथ्यावर दोरी ढिली पडू नये, यासाठी तिथे वस्तूची जी कमीत कमी चाल असावी लागते तिला माथ्यावरील किमान चाल म्हणतात. वर्तुळाची त्रिज्या r आणि गुरुत्वत्वरण g असेल, तर ही चाल v = √(gr) इतकी येते. यात वस्तुमान कुठेच नाही. गोटी असो वा पाण्याने भरलेली बादली, त्रिज्या तीच असेल तर किमान चालही तीच.

माथ्यावर वस्तूवर दोन बले लागतात: तिचे वजन आणि दोरीचा ताण. दोन्हींची दिशा खाली, म्हणजे वर्तुळाच्या केंद्राकडे असते. वर्तुळात वळत राहण्यासाठी लागणारे अभिकेंद्री बल ही दोघे मिळून पुरवतात:

T + mg = mv²/r

चाल कमी होत गेली की उजवी बाजू घटते. वजन तर तेवढेच राहते, म्हणून ताणालाच कमी व्हावे लागते. ताण शून्यावर आला की वळवण्याचे सगळे काम एकटे वजन करते, आणि v² = gr मिळते. याखाली गणिताला ऋण ताण हवा असतो, म्हणजे दोरीने वस्तूला बाहेर ढकलायला हवे. दोरी फक्त ओढू शकते, म्हणून ही मर्यादा आहे. दोरीऐवजी हलका ताठ दांडा घेतला तर तो ढकलूही शकतो. तिथे माथ्यावरील किमान चाल शून्य असते.

हा फरक लक्षात न घेतल्यामुळे विद्यार्थ्यांची सर्वांत नेहमीची चूक होते. ‘वस्तू माथ्यापर्यंत चढण्याइतकी ऊर्जा आहे, म्हणजे वर्तुळ पूर्ण होणार’ असे ते धरून चालतात. तळापासून माथ्यापर्यंत उंची 2r असते. तेवढे चढूनही √(gr) चाल शिल्लक राहायची, तर तळाशी √(5gr) चाल हवी. नुसते 2r चढायला √(4gr) पुरते. अडचण या दोहोंच्या मधल्या पट्ट्यात आहे.

समजा दोरी ९० सेंमी लांब आहे आणि g = ९.८ मी/से². माथ्यावर किमान २.९७ मी/से आणि तळाशी किमान ६.६४ मी/से चाल लागेल. आता वस्तू तळाशी ६ मी/से चालीने सोडली. सरळ वर फेकली असती तर एवढ्या चालीने ती सुमारे १.८४ मी. चढली असती, आणि माथा तर १.८ मीटरवरच आहे. तरीही वर्तुळ पूर्ण होत नाही. माथ्याच्या ४६ अंश अलीकडे चाल २.४७ मी/से उरते आणि ताण शून्य होतो. तिथून पुढे वस्तू वर्तुळ सोडून, फेकलेल्या चेंडूप्रमाणे अन्वस्तावरून जाते. ती आणखी सुमारे १६ सेंमी चढते, पण माथ्याच्या उंचीला ११ सेंमी कमीच पडते. उरलेली ऊर्जा नाहीशी झालेली नसते. ती आडव्या गतीत असते. दोरी ढिली पडल्यावर ती गती वर वळवणारे कोणी राहत नाही. प्रयोगात हे सहज ओळखता येते: माथ्याच्या आधी दोरीला झोल पडतो आणि वस्तू खाली येताना दोरी पुन्हा ताणली जाऊन हाताला झटका बसतो.

किमान स्थितीत दोरीची खरी कसोटी तळाशी लागते. तिथे अभिकेंद्री बल 5mg आणि शिवाय वजन mg, मिळून ताण 6mg होतो. २०० ग्रॅमच्या वस्तूसाठी हे सुमारे ११.८ न्यूटन आहे. वस्तू स्थिर लटकत असताना दोरीवर दोनच न्यूटनच्या आसपास ताण असतो. म्हणून लटकवून तपासलेली दोरी फिरवताना तुटू शकते, आणि तुटली तर बहुधा तळाजवळच. हा सहापटीचा निष्कर्ष ख्रिस्तियान हायगेन्झ यांच्या केंद्रोत्सारी बलावरील लेखनात आढळतो. १६५९ च्या सुमाराचे ते लेखन त्यांच्या मृत्यूनंतर १७०३ मध्ये प्रसिद्ध झाले.

√(5gr) हे सूत्र मात्र केंद्र स्थिर असेल आणि हवेचा रोध नगण्य असेल तरच लागू पडते. हाताने फिरवताना मनगट स्वतः छोटे वर्तुळ काढते आणि प्रत्येक फेरीत ऊर्जा भरत राहते, त्यामुळे तळाची चाल ऊर्जेच्या हिशेबाने काढता येत नाही. माथ्यावरची अट मात्र, दोरीचे हाताकडील टोक जवळपास स्थिर असेल तर, तशीच टिकते. चाल जवळजवळ एकसारखी ठेवली, तर ९० सेंमी त्रिज्येला एक फेरी १.९ सेकंदांच्या आत व्हावी लागते. बादलीच्या बाबतीत r हाताच्या टोकापासून बुडापर्यंत मोजू नये. पाण्याचा पृष्ठभाग केंद्राच्या अधिक जवळ असतो, म्हणून त्याच त्रिज्येला सर्वांत जलद फेरी लागते. फेरी मंदावली की आधी पृष्ठभागाजवळचे पाणी सांडू लागते.