नफा 80 लाख, खात्यात 3 लाख

झडपा बनवणारा एक कारखाना डोळ्यांसमोर आणा. वर्षभरात विक्री 40 टक्क्यांनी वाढली, सगळा खर्च, व्याज आणि कर भागवून 80 लाखांचा निव्वळ नफा उरला. मालकाने त्यातलं काही घरी नेलं नाही, नवीन यंत्रं घेतली नाहीत, जुनं कर्जही फेडलं नाही. तरीही वर्षाच्या सुरुवातीला बँकेत असलेले 40 लाख वर्षअखेरीला 3 लाखांवर आले. हिशेबात चूक नाही, कोणी पैसेही काढलेले नाहीत. आकडे मी समजावण्यापुरते घेतले आहेत आणि चलन कोणतंही धरलं तरी चालेल. घडलेली गोष्ट मात्र वाढणाऱ्या धंद्यांत नेहमी दिसते.

सुरुवात मागच्या वर्षापासून करू. तेव्हा कारखान्याची विक्री रोज सरासरी 2 लाखांची होती आणि विकलेल्या मालाचा खर्च रोज दीड लाख. गोदामात कच्चा, अर्धवट आणि तयार असा मिळून 90 लाखांचा माल होता. रोजच्या दीड लाख खर्चाने भागलं तर हा 60 दिवसांचा साठा होतो. ग्राहकांकडून यायची उधारीही 90 लाख होती. ती रोजच्या 2 लाख विक्रीने भागली की 45 दिवस येतात. पुरवठादारांचे द्यायचे होते 45 लाख, म्हणजे दीड लाखाच्या हिशेबाने 30 दिवस.

आता एका पितळी झडपेचा प्रवास पाहा. धातू कारखान्यात आल्यापासून झडप विकली जाईपर्यंत 60 दिवस जातात. विकल्यावर पैसे हातात यायला आणखी 45 दिवस. असे एकूण 105 दिवस. यांतले पहिले 30 दिवस पुरवठादार थांबतो, म्हणजे तेवढे दिवस पैसा त्याचा वापरला जातो. उरलेले 75 दिवस कारखान्याचा स्वतःचा पैसा अडकलेला असतो. साठ्याचे दिवस अधिक उधारीचे दिवस वजा देण्याचे दिवस: यालाच रोकड चक्र म्हणतात. मागच्या वर्षी या चक्रात 90 अधिक 90 वजा 45, म्हणजे 135 लाख गुंतले होते.

यंदा रोजची विक्री 2.8 लाख झाली आणि मालाचा खर्च 2.1 लाख. दिवस जसेच्या तसे राहिले असते, तरी साठा 126, उधारी 126 आणि देणी 63 लाख झाली असती. म्हणजे गुंतलेली रक्कम 189 लाख, मागच्या वर्षापेक्षा 54 लाखांनी जास्त. वाढ फुकट मिळत नाही ती अशी. कुणाचीही चूक नसताना 80 लाखांच्या नफ्यातले 54 लाख गोदामात आणि उधारीच्या वहीत जाऊन बसतात.

प्रत्यक्षात दिवसही वाढले. साठा 60 वरून 70 दिवसांवर गेला, उधारी 45 वरून 60 वर. देण्याचे दिवस 30 च राहिले. चक्र 75 वरून 100 दिवसांचं झालं. साठा 147 लाख, उधारी 168 लाख, देणी 63 लाख, एकूण गुंतवणूक 252 लाख. एका वर्षात 117 लाख जास्तीचे अडकले आणि नफा होता 80 लाख. फरकाचे 37 लाख बँकेतल्या शिलकीतून गेले.

यापेक्षा मला महत्त्वाची वाटते ती पुढची गोष्ट. रोखीची स्थिती तपासायला बहुतेक लोक चालू गुणोत्तर पाहतात, म्हणजे वर्षभरात रोख होऊ शकणारी मत्ता भागिले वर्षभरात फेडायची देणी. मागच्या वर्षी साठा, उधारी आणि रोख मिळून 220 लाख होते. पुरवठादारांचे 45 आणि बँकेच्या ओव्हरड्राफ्टचे 65 मिळून देणी 110 लाख होती. गुणोत्तर बरोबर 2. यंदा मत्ता 318 लाख, देणी 128 लाख, गुणोत्तर जवळजवळ 2.5. कारखान्याची रोख संपत आली आणि गुणोत्तर सुधारलं! साठा वगळून काढलेलं द्रुत गुणोत्तरही 1.18 वरून 1.34 वर गेलं. कारण साधं आहे. न विकलेला माल आणि न आलेली उधारी या गुणोत्तरांना ताकद वाटते. ही ताकद किती दिवसांत रोख होईल, हे गुणोत्तरं विचारतच नाहीत. व्हर्लिन रिचर्ड्स आणि यूजीन लॉफलिन यांनी 1980 साली फायनान्शियल मॅनेजमेंट या नियतकालिकात रोकड चक्र मांडलं, ते नेमकं याच उणिवेवर बोट ठेवून.

दिवसांच्या या हिशेबालाही मर्यादा आहेत. साठा आणि देणी आपण खर्चाच्या दराने मोजली, उधारी विक्रीच्या दराने. त्यामुळे एक दिवस म्हणजे सगळीकडे सारखेच पैसे नव्हेत. आपल्या कारखान्यात उधारीचा एक दिवस कमी झाला तर 2.8 लाख सुटतात, साठ्याचा एक दिवस कमी झाला तर 2.1 लाख. दुसरं म्हणजे ताळेबंद एकाच दिवसाचं चित्र दाखवतो. वर्षअखेरीच्या आठवड्यात वसुलीचा धडाका लावला आणि पुरवठादारांचे धनादेश अडवून ठेवले, की चक्र कागदावर आखडतं आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा पसरतं. म्हणून मी महिन्या-महिन्याचे आकडे मागतो; ते मिळाले नाहीत तर निदान तिमाहीचे.

रोख आटली की कारखाना पहिलं काय करतो? देणी लांबवतो. 37 लाखांचं भोक बुजवायला पुरवठादारांना सुमारे 18 दिवस जास्त थांबवलं की काम होतं. देण्याचे दिवस 48 होतात आणि चक्र 100 वरून 82 वर येतं. कागदावर ही सुधारणाच दिसते. पण पुरवठादाराची अट अशी असू शकते, की 10 दिवसांत पैसे दिले तर 2 टक्के सूट, नाहीतर 30 दिवसांत पूर्ण रक्कम. सूट सोडून 30 दिवस थांबणं म्हणजे 98 रुपये 20 दिवस वापरून त्यावर 2 रुपये व्याज देणं. सरळ व्याजाने वर्षाचा दर निघतो 37 टक्क्यांहून थोडा जास्त. बँकेचा ओव्हरड्राफ्ट इतका महाग क्वचितच असतो. बरं, हे व्याज पत्रकात व्याज म्हणून दिसत नाही, खरेदीच्या किमतीत मिसळून जातं.

देणी किती ताणता येतात याचं मोठं उदाहरण कॅरिलियन या ब्रिटिश बांधकाम कंपनीचं आहे. तिने उपकंत्राटदारांना पैसे देण्याची मुदत 120 दिवसांपर्यंत नेली होती. ज्यांना आधी हवेत त्यांना बँक थोडी कपात करून पैसे देई आणि कंपनी नंतर बँकेची फेड करी. वस्तुतः हे बँकेचं कर्जच होतं, पण ताळेबंदात ते व्यापारी देण्यांमध्ये बसलेलं होतं. त्यामुळे कर्ज खरं होतं त्यापेक्षा कमी भासत होतं. जानेवारी 2018 मध्ये कंपनी कोसळली. पुढे आंतरराष्ट्रीय लेखा मानक मंडळाने 2023 साली आयएएस 7 मध्ये दुरुस्ती करून अशा व्यवस्थांची माहिती वेगळी देणं बंधनकारक केलं, 1 जानेवारी 2024 पासून सुरू होणाऱ्या वर्षांसाठी. तेव्हा देण्याचे दिवस भराभर वाढलेले दिसले, तर पुरवठादार खुशीने थांबले आहेत की मध्ये बँक उभी आहे, हे टिपांमध्ये शोधावं.

चक्र उणेही असू शकतं. डेलने 1990 च्या दशकात ग्राहकाची ऑर्डर आल्यावर संगणक जोडायचे आणि पुरवठादारांना ग्राहकाचे पैसे आल्यानंतर पैसे द्यायचे असा क्रम बसवला होता. तिथे वाढीसोबत रोख उलट वाढत जाते. पण विक्री घटू लागली की हीच गाडी उलटी फिरते: जुनी देणी चुकवायची वेळ येते आणि नवीन रोख तेवढी येत नाही. आपल्या कारखान्यासारख्या शून्याहून मोठ्या चक्राच्या धंद्यात याच्या बरोबर उलट घडतं. विक्री घसरू लागली की जुनी उधारी वसूल होते, साठा उतरतो आणि काही महिने खात्यात पैसा साचतो. ही भरती पाहून धंदा सावरला असं समजणं धोक्याचं असतं.

आता त्या 65 लाखांच्या ओव्हरड्राफ्टकडे वळू. खेळत्या भांडवलाबाबत दोन निर्णय वेगवेगळे घ्यावे लागतात. एक, साठा आणि उधारी किती सैल ठेवायची. दोन, त्यासाठी पैसा कुठल्या मुदतीचा आणायचा. आपल्या कारखान्यात मंदीच्या महिन्यातही समजा 110 लाख गुंतलेले राहतात. हा पैसा नावाला चालू असला तरी कायमचा आहे. त्यासाठी स्वतःचं भांडवल किंवा दीर्घ मुदतीचं कर्ज आणि फक्त हंगामी चढासाठी ओव्हरड्राफ्ट, असं धोरण जपून चालणारं म्हणतात. उलट कायमची गरजही दरवर्षी नूतनीकरण होणाऱ्या ओव्हरड्राफ्टवर चालवली, तर व्याज सहसा कमी लागतं, पण बँकेने मर्यादा घटवली की माल रातोरात विकून ती रक्कम उभी करता येत नाही. आपल्या कारखान्याने हे दुसरं धोरण धरलं होतं आणि त्याच वर्षी चक्र 25 दिवसांनी लांबलं. लांब चक्र आणि आखूड मुदतीचं कर्ज, हा जोड मला सगळ्यात नाजूक वाटतो.

पण मूळ दुखणं उधारीच्या वहीत होतं. सरासरी 60 दिवस म्हणजे सगळेच ग्राहक 60 दिवसांनी पैसे देतात, असं नव्हे. म्हणून उधारीचा वयवार तक्ता काढतात: कोणाची किती रक्कम 30 दिवसांच्या आत, किती 60, किती 90 च्या पुढे. या कारखान्याच्या तक्त्यात 168 लाखांपैकी 60 लाख एकट्या एका नव्या ग्राहकाकडे होते. तो वर्षभर रोज सरासरी 40 हजारांचा माल उचलत होता. 60 लाख भागिले 40 हजार, म्हणजे 150 दिवस. उरलेल्या सगळ्यांची उधारी 108 लाख, त्यांची रोजची विक्री 2.4 लाख, म्हणजे 45 दिवस. जुने ग्राहक जराही बदलले नव्हते.

नव्याच्या विक्रीवर वर्षभरात मालाचा खर्च वजा जाता साडेछत्तीस लाख सुटले होते, आणि त्याच्या विक्रीची चाळीस टक्क्यांहून जास्त रक्कम अजून वहीतच होती. तो 45 दिवसांत पैसे देता, तर त्याच्याकडे 18 लाख राहिले असते. जास्तीचे अडकलेले 42 लाख, आणि बँकेतली घट 37 लाख. कारखान्याने त्याची उधारीची मर्यादा 18 लाखांवर आणली आणि जुनी बाकी उतरेपर्यंत पुढचा माल आगाऊ रकमेवरच देण्याचं ठरवलं.