होम लोनचा हप्ता: बँक आधी व्याज कापून घेते म्हणतात, ते खरं का?

मावसभावाच्या होम लोनला एक वर्ष झालं तेव्हा त्याने बँकेचं स्टेटमेंट काढलं आणि थेट मला फोन लावला, म्हणे वर्षभरात ३ लाख १२ हजार भरले आणि मुद्दल फिटलं फक्त ६० हजार, बँक आधी सगळं व्याज वसूल करून घेते वाटतं. हे खूप लोक म्हणतात, पण तसं काही नसतं.

त्याचं लोन ३० लाखांचं, ८.५ टक्क्याने, २० वर्षांसाठी. एक्सेलमध्ये किंवा गुगल शीटमध्ये एवढं टाकलं की हप्ता येतो:

```
=PMT(8.5%/12, 240, -3000000)
```

उत्तर २६,०३५ रुपये. आता पहिला महिना बघा. ३० लाखांवर एका महिन्याचं व्याज, म्हणजे ८.५ टक्क्यांचा बारावा भाग, २१,२५० रुपये होतं. हप्त्यातून ते गेलं की उरतात ४,७८५, आणि तेवढंच मुद्दलातून कमी होतं. दुसऱ्या महिन्यात व्याज लागतं ते राहिलेल्या २९,९५,२१५ वर, म्हणजे २१,२१६. व्याज ३४ रुपयांनी कमी झालं म्हणून मुद्दलात ३४ रुपये जास्त गेले. बस, दर हप्त्याची एक ओळ धरून होणारा लोनचा अख्खा २४० ओळींचा तक्ता या एकाच नियमावर चालतो: त्या महिन्याचं व्याज फक्त त्या महिन्याला बाकी असलेल्या मुद्दलावर. पुढच्या वर्षांचं व्याज बँक आधी घेत नाही, सुरुवातीला बाकीच एवढी मोठी असते की तिचं महिन्याचं भाडंच हप्त्याचा बहुतेक भाग खाऊन टाकतं.

पण हे ३४ रुपयांचं सरकणं फार हळू असतं. या लोनमध्ये मुद्दलाचा भाग व्याजापेक्षा मोठा होतो तो थेट १४३व्या हप्त्यात, म्हणजे जवळपास बारा वर्षांनी. दहा वर्षं इमानदारीत हप्ते भरले, ३१ लाखांच्या वर पैसे गेले, तरी २१ लाख बाकीच असतात. हे पहिल्यांदा बघितलं की पोटात गोळा येतो, मलाही आला होता.

आता पार्ट पेमेंट. भावाकडे बोनसचे १ लाख होते. बाराव्या हप्त्यानंतर ते भरले आणि हप्ता तोच ठेवला तर लोन साधारण १८ महिने आधी संपतं आणि सुमारे ३ लाख ७० हजारांचं व्याज वाचतं (दर तोच राहिला असं धरून). तेच १ लाख दहा वर्षांनी भरले तर साधारण पावणेनऊ महिने कमी होतात आणि १ लाख २७ हजार वाचतात. पैसा तोच, दरही तोच, फरक एवढाच की पहिल्या लाखाला व्याज थांबवायला जास्त वर्षं मिळाली. तक्त्यात बघायचं तर एका झटक्यात त्या लाखाने सुमारे १८ ओळी खाली उडी मारली.

इथे बँक विचारते, हप्ता कमी करायचा की मुदत? हप्ता कमी केला तर तो २५,१४९ होतो, महिन्याला ८८५ रुपये हातात राहतात, पण मुदत तीच, आणि एकूण व्याज वाचतं फक्त १ लाख २ हजार. मात्र यात बँकेने फसवलं असं नाही, कारण ते ८८५ रुपये दर महिन्याला तुम्हाला परत मिळतायत, दोन्हीकडे तुमच्या लाखाची कमाई ८.५ टक्केच आहे. म्हणून घरखर्चाची ओढाताण असेल तर हप्ता कमी करणं चूक नाही, नाहीतर मी मुदतच कमी करायला सांगतो. आणि हाताशी सहा महिन्यांच्या खर्चाएवढे पैसे नसतील तर बोनस लोनमध्ये घालू नका, कारण तिथे गेलेला पैसा अडीनडीला सहसा परत मागता येत नाही. दंडाची मात्र भीती नको, फ्लोटिंग दराच्या वैयक्तिक होम लोनवर आधी पैसे भरल्याचा चार्ज लावायला रिझर्व्ह बँकेने २०१२ मध्येच मनाई केलीये.

गडबड होते ती दुसरीकडे. कधी कधी हे पैसे पुढच्या हप्त्यांचा ॲडव्हान्स म्हणून जमा होतात, मग मुद्दल लगेच कमी होत नाही. म्हणून भावाला सांगितलं, पैसे भरताना "मुद्दलात जमा करा, मुदत कमी करा" असं लेखी दे आणि पुढच्या महिन्याच्या स्टेटमेंटमध्ये व्याजाचा रकाना बघ. लाख भरले नसते तर तेराव्या हप्त्यात व्याज २०,८२७ असतं, भरल्यावर ते २०,११९ यायला हवं, म्हणजे बरोबर ७०८ रुपये कमी. (बँक रोजच्या हिशोबाने व्याज लावत असेल तर थोडं इकडेतिकडे होईल.) त्याच्या स्टेटमेंटला पहिल्या महिन्यात जुनाच आकडा आला, तो ब्रांचमध्ये गेला, एंट्री चुकलेली निघाली आणि मग दुरुस्त झाली.