‘मेसेज नकोत’ आणि ‘माझी माहिती काढून टाका’

राजगडचा ट्रेक आटोपला. नोंदणीच्या गुगल फॉर्ममध्ये साठेक जणांचे मोबाइल नंबर, ईमेल आणि अडीअडचणीसाठी घरच्या कुणाचा तरी नंबर पडून आहे. पुढच्या ट्रेकचं निमंत्रण सगळ्यांना गेलं आणि दोन उत्तरं आली. एकीने लिहिलं, ‘मला यापुढे मेसेज नकोत.’ एकाने लिहिलं, ‘माझी माहिती काढून टाका.’ आयोजक बहुधा दोघांसाठी एकच करतात, फॉर्मची उत्तरं जमा होतात त्या शीटमधली ओळ उडवतात. त्याने दोघांचंही काम होत नाही.

पहिलीची ओळ उडवली, तर तिने नकार दिल्याची नोंदही उडते. पुढच्या वर्षी दुसरा स्वयंसेवक लॅपटॉपवरची जुनी फाइल वापरतो आणि तिला पुन्हा मेसेज जातो. म्हणून तिचा फक्त नंबर आणि ईमेल ‘पाठवू नका’ अशा वेगळ्या यादीत ठेवायचा आणि दर वेळी पाठवण्याआधी ती यादी ताडून पाहायची. ताडताना नंबरचे शेवटचे दहा आकडेच धरावेत, कारण कुणी +९१ लावतं, कुणी आधी शून्य.

दुसऱ्याचं काम किचकट. शीटमधली ओळ गेली तरी त्याचं उत्तर मूळ फॉर्ममध्ये तसंच राहतं. ते तिथे जाऊन वेगळं डिलीट करावं लागतं. शीटच्या जुन्या आवृत्त्यांमध्येही ती ओळ दिसते. त्यामुळे उरलेल्या ओळी नव्या शीट फाइलमध्ये घ्याव्यात, जुनी फाइल डिलीट करावी आणि ट्रॅशही रिकामा करावा, नाहीतर ती तिथे तीस दिवस राहते. मग उतरवून घेतलेल्या फाइल्स, बसमध्ये हजेरीला वापरलेला छापील कागद, ट्रेक लीडरच्या फोनमधले कॉन्टॅक्ट. एवढं करूनही त्याला पुन्हा मेसेज गेला, तर खुशाल समजावं की एखादी प्रत कुठेतरी राहिली आहे. व्हॉट्सॲप ग्रुपमधून त्याला काढता येतं, पण इतरांनी सेव्ह केलेला नंबर आपल्या हातात नाही. हे त्याला सरळ सांगावं. पैसे भरल्याची पावती हिशेबासाठी ठेवणं भाग असेल, तर तेही.

२०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा याच्या एक पाऊल पुढे जातो. ज्या कामासाठी माहिती घेतली ते संपलं, की कुणी मागणी न करताही ती पुसायची, कुठल्या कायद्याने ठेवायला लावली नसेल तर. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले; पुसण्यासारख्या मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होतात.

आणि तो घरच्यांचा नंबर? त्या आईला किंवा भावाला फॉर्मचा पत्ताही नसतो, त्यामुळे त्यांच्याकडून दोन्हींपैकी कुठलंच उत्तर कधी येणार नाही. सगळे सुखरूप घरी पोचल्याचं कळलं, की तो रकाना वगळून बाकीची माहिती त्याच आठवड्यात नव्या फाइलमध्ये घ्यावी आणि जुनी फाइल व फॉर्ममधली उत्तरं डिलीट करावीत.