सौदा पक्का नेमका कधी होतो? एक हदीस आणि चार इमाम

सुन्नी इस्लाममधल्या चार मजहबांबद्दल, म्हणजे हनफी, मालिकी, शाफई आणि हंबली या धर्मकायद्याच्या चार परंपरांबद्दल, नवीन माणसाला बहुतेक वेळा एक सोपा तक्ता ऐकवला जातो. हनफी तर्काने चालतात, मालिकी मदिनेच्या रिवाजाने, शाफई नियमाने आणि हंबली हदीसने, म्हणजे पैगंबरांच्या बोलण्या-वागण्याच्या सांगत आलेल्या नोंदींनी. तक्ता साफ खोटा नाही, पण त्यावरून असं वाटतं की चौघांची पुस्तकंच वेगळी होती. तसं नाहीये. चौघंही कुराण मानतात, हदीस मानतात आणि कियासही करतात, म्हणजे ज्या गोष्टीचा थेट उल्लेख नाही तिला उल्लेख असलेल्या सारख्या गोष्टीचा नियम लावणं. फरक पडतो तो वजनात. एखादी हदीस समोर आली की तिला कुठल्या तराजूत तोलायचं, तिथे चौघं वेगळे होतात.

हे कळायला एकच केस घेऊ. फिकहच्या, म्हणजे इस्लामी कायदाशास्त्राच्या, जुन्या पुस्तकांत उदाहरणाला नेहमी झैद आणि अम्र असतात (बिचारे हजार वर्षांहून जास्त काळ खरेदी-विक्रीच करतायत), तर झैदने अम्रला घोडा २० दिनारला विकला. "विकला", "घेतला" असं बोलून झालं, दोघं अजून तिथेच बसलेत, आणि एवढ्यात तिसरा कोणीतरी येऊन म्हणतो मी २५ देतो. झैदचं मन बदललं. आता तो एकट्याच्या मर्जीने सौदा मोडू शकतो का?

यावर एक हदीस आहे, साधारण अशी: विकणारा आणि घेणारा वेगळे होत नाहीत तोपर्यंत दोघांनाही सौदा मोडायचा पर्याय आहे. फिकहमध्ये याला खियार अल-मजलिस म्हणतात, म्हणजे बैठक चालू असेपर्यंतचा पर्याय. पैगंबरांचे सहाबी, म्हणजे सोबती, अब्दुल्लाह इब्न उमर यांच्याकडून ती नाफेने ऐकली आणि नाफेकडून इमाम मालिकने. मालिक-नाफे-इब्न उमर ही साखळी इतकी भरवशाची मानतात की तिला सोनेरी साखळी म्हणतात. म्हणजे हदीस खरी की खोटी हा इथे प्रश्नच नाही, आणि म्हणूनच ही केस मला सगळ्यात भारी वाटते.

कारण गंमत अशी की ज्या मालिकने (मृत्यू इ.स. ७९५) ही हदीस आपल्या मुवत्ता या हदीससंग्रहात लिहिली, त्यानेच ती लागू केली नाही. हदीसच्या खालीच त्याने शेरा दिलाय की आमच्याकडे याला काही ठरलेली मर्यादा नाही आणि यावर अंमलही होत नाही. "आमच्याकडे" म्हणजे मदिनेत. त्याच्या मागचा विचार असा: पैगंबर शेवटची दहा वर्षं याच शहरात राहिले, इथल्या बाजारात त्यांच्यासमोर रोज सौदे झाले, ती पद्धत एका पिढीने दुसरीला हातात दिली. मग अख्ख्या शहराचं चालत आलेलं वागणं हीसुद्धा एक प्रकारची रिवायतच, म्हणजे पुढे सांगत आलेली माहितीच झाली, आणि ती हजारो लोकांची, तर हदीस एकाकडून एकाकडे आलेली. शिवाय बैठक कधी संपते याला मापच नाही, तास, दिवस, किती? मालिकने नक्की कुठल्या कारणाने ती सोडली यावर नंतर मालिकींमध्येच वाद झाले, पण निकाल ठरला: शब्द झाला, सौदा झाला, झैद मोडू शकत नाही.

इराकमधल्या कुफ्यात अबू हनीफाच्या (इ.स. ६९९-७६७) परंपरेत निकाल तोच, पण वाट एकदम वेगळी. हनफी आधी कुराण ठेवतात: करार पाळा (५:१), आणि व्यापार आपसातल्या राजीखुशीने करा (४:२९). राजीखुशी तर "विकला-घेतला" म्हणताच झाली. आता एका माणसाच्या साखळीने आलेली हदीस या सरसकट नियमाला कापू शकते का? त्यात रोज प्रत्येकाला लागणारी ही बाब, असा नियम असता तर तो एक-दोघांनीच कसा सांगितला, सगळ्यांना माहीत असायला हवा होता, ही हनफींची खास शंका. पण ते हदीस फेकून देत नाहीत, तिचा अर्थ लावतात. "वेगळे होणं" म्हणजे शरीराने नाही, बोलण्याने. कुराणात नवरा-बायको वेगळे होतात तिथे (४:१३०) हेच क्रियापद आहे आणि तलाक तर शब्दांनीच होतो ना. म्हणजे हदीसचा अर्थ एवढाच की एकाने ऑफर दिली आणि दुसऱ्याने अजून हो म्हटलं नाही, तोवर दोघं मोकळे.

शाफईने (इ.स. ७६७-८२०) मालिककडे मुवत्ता शिकला आणि नंतर बगदादमध्ये अबू हनीफाच्या शिष्याकडे, मुहंमद अश-शैबानीकडेही शिकला, म्हणजे दोन्ही बाजू त्याला आतून माहीत होत्या. त्याचं म्हणणं, हदीस विश्वासू माणसांच्या अखंड साखळीने आली की ती स्वतःच पुरावा आहे, तिला शहराच्या रिवाजाची सही लागत नाही. आणि हनफी अर्थाला त्याच्या बाजूचं उत्तर फार मार्मिक आहे. सौदा होण्याआधी माणूस "विकणारा" नसतोच, तो फक्त भाव करणारा असतो, त्यामुळे हदीस सौद्यानंतरचंच बोलतेय. वर खुद्द इब्न उमर काय करायचे? एखादी वस्तू आवडली आणि सौदा मोडायला नको असला की उठून चार पावलं चालून यायचे. रिवायत सांगणाऱ्यालाच "वेगळे होणं" म्हणजे पायांनी वेगळे होणं असं समजलं होतं. तर झैद मोडू शकतो.

अहमद इब्न हंबल (इ.स. ७८०-८५५) इथे शाफईसोबत आहे, पण एका बारीक जागी त्याची पद्धत उघडी पडते. दुसरी एक हदीस आहे की समोरचा सौदा मोडेल या भीतीने उठून जाणं योग्य नाही. मग इब्न उमर तर तेच करायचे, त्याचं काय? अहमदसमोर दोन्ही गोष्टी ठेवल्या तेव्हा त्याने पैगंबरांच्या शब्दाकडे बोट दाखवलं. सहाबीचं वागणं त्याला एरवी कियासपेक्षा खूप मोठं, पण हदीस समोर आली की तेही मागे. पुढे हंबली कायदेपंडित इब्न कुदामाने म्हटलं की ती हदीस बहुधा इब्न उमरपर्यंत पोचलीच नसेल. यावर हंबलींमध्येही दुसरं मत आहे, पण इब्न कुदामाच्या हिशोबाने अम्रने मुद्दाम पळ काढणं चुकीचं.

आता प्रत्येकाची दुखरी जागाही बघा. मालिकचा रिवाज खरंच सगळ्या मदिनेचा होता का? त्याच्याच काळातला मदिनेचा विद्वान इब्न अबी झिब ही हदीस सोडल्याबद्दल त्याच्यावर इतका भडकला की त्याने तौबा करावी इथपर्यंत बोलला, म्हणजे शहरात एकमत नव्हतंच. अहमदने मात्र, मत वेगळं असूनही, सांगितलं की मालिकने हदीस नाकारली नाही, तिचा अर्थ वेगळा लावला. आणि शाफई-हंबली बाजूला मालिकचाच प्रश्न चिकटतो, बैठक संपली हे कसं ओळखायचं? हदीसमध्ये माप नाही, मग त्यांना लोकांच्या समजुतीकडेच जावं लागलं: छोट्या घरात असाल तर एक बाहेर पडला की, मोकळ्या बाजारात पाठ फिरवून थोडं चाललं की, आणि दोघं तासन् तास सोबतच चालत राहिले तर पर्यायही त्यांच्यासोबत चालू. एवढा वेळ टांगून राहायचं नसेल तर त्यांच्याकडे सोय आहे, दोघांनी तिथेच "आम्ही सौदा पक्का केला" म्हणायचं, मग २५ वाला कितीही ओरडला तरी घोडा अम्रचा.