मूत्रल गोळीची वेळ व दैनिक वजननोंद (हृद्विफलतेतील)

हृद्विफलतेत (हार्ट फेल्युअरमध्ये) शरीरात साचणारे मीठ व पाणी लघवीवाटे काढण्यासाठी दिली जाणारी गोळी ठराविक वेळी घेणे, रोज सकाळी वजन करणे आणि वजन व सूज पाहून गोळीची मात्रा ठरलेल्या मर्यादेत बदलणे, अशी ही घरगुती पद्धत आहे. बोलीत या गोळीला ‘लघवीची गोळी’ किंवा ‘पाण्याची गोळी’ म्हणतात. फ्युरोसेमाइड, टॉर्सेमाइड व बुमेटॅनाइड ही त्यातली मुख्य औषधे. मूत्रपिंडाच्या सूक्ष्म नलिकेतील एका वळणावर मीठ परत शोषले जाते. ही औषधे ते शोषण थांबवतात, म्हणून मिठामागोमाग पाणीही बाहेर पडते.

पाणी उतरवण्याचे जुने उपाय कष्टाचे होते. १९१९–२० च्या सुमारास व्हिएन्नात उपदंशाच्या रुग्णांना पाऱ्याचे संयुग टोचताना लघवी अतोनात वाढल्याचे लक्षात आले. त्यानंतर सुमारे तीन दशके पाऱ्याची इंजेक्शनेच प्रचारात होती. १९५०च्या दशकाच्या अखेरीस तोंडाने घ्यायची थायाझाइड औषधे आली व १९६०च्या दशकाच्या मध्यास फ्युरोसेमाइड. मात्रा घरी घेता व बदलता येऊ लागली ती या गोळ्यांमुळे.

सकाळच्या वेळेमागे औषधशास्त्रापेक्षा सोय अधिक आहे. फ्युरोसेमाइडचा परिणाम अर्ध्या ते एका तासात सुरू होतो, एक ते दोन तासांत कळसाला पोचतो व साधारण सहा तासांत ओसरतो. रात्री नऊला गोळी घेतली तर झोपेच्या ऐन वेळी वारंवार उठावे लागते आणि वृद्धांत अंधारात पडण्याचा धोका वाढतो. दिवसातून दोन मात्रा असतील तर दुसरी दुपारी दोनच्या सुमारास, फार तर चारपर्यंत घेतात. रात्रपाळी करणाऱ्याने गोळी उठल्यावर घ्यावी. सकाळी प्रवास असेल तर ती काही तास पुढे ढकलता येते, पण वगळू नये. दिवसभर पायांत उतरलेले पाणी आडवे झाल्यावर रक्तात परत येते व त्यानेही रात्री लघवी होते. अशा रुग्णाला दुपारची मात्रा सकाळच्या मात्रेपेक्षा जास्त उपयोगी पडू शकते.

शोषणाबाबत औषधांत मोठा फरक आहे. तोंडाने घेतलेल्या फ्युरोसेमाइडपैकी सरासरी निम्मा भागच रक्तात पोचतो. प्रत्यक्षात हे प्रमाण सुमारे १० टक्क्यांपासून जवळजवळ पूर्णापर्यंत कमीजास्त होते. अन्नासोबत ते घटते, म्हणून गोळी रोज एकाच रीतीने, शक्यतो उपाशीपोटी घ्यावी. आतड्यालाच सूज असली की शोषण मंदावते. मग औषधाची रक्तातील पातळी परिणामाच्या उंबरठ्यापर्यंत चढतच नाही. उंबरठ्याखाली राहिलेली मात्रा दिवसातून दोनदा घेऊनही फारसे काही घडत नाही. आधी एका वेळची मात्रा वाढवावी लागते. गोळीनंतर दोन तासांत लघवीत जाणवण्याजोगी वाढ झाली नाही, तर उंबरठा गाठला गेला नाही असे समजण्यास हरकत नाही. टॉर्सेमाइडचे शोषण ८० टक्क्यांहून जास्त व अधिक नियमित असल्याने अनेक तज्ज्ञ त्याला पसंती देत. २०२३मध्ये प्रसिद्ध झालेल्या, २,८५९ रुग्णांच्या तुलनात्मक चाचणीत मात्र मृत्युदरात दोहोंत फरक आढळला नाही. तरी सूज असूनही फ्युरोसेमाइड लागू पडत नसेल तर औषध बदलून पाहणे आजही रास्त मानले जाते.

वजनाचा क्रम असा: उठावे, लघवी करावी, वजन करावे, लिहावे आणि मगच गोळी व न्याहारी घ्यावी. गोळी आधी घेतली तर लघवी किती झाली यावर आकडा हलतो व कालच्या आकड्याशी तुलना निरर्थक ठरते. कपडे रोज साधारण सारखे असावेत. काटा तोच, कठीण जमिनीवर ठेवलेला, शक्यतो १०० ग्रॅमपर्यंत दाखवणारा हवा. गादीवर किंवा सतरंजीवर ठेवलेला काटा चुकीचे वजन दाखवतो. सूज पूर्ण उतरल्यावरच्या वजनाला ‘कोरडे वजन’ म्हणतात. ते रुग्णालयातून घरी आल्यावर पहिल्या सकाळी घरच्या काट्यावरही घ्यावे, कारण दोन काट्यांत एखाद्या किलोचा फरक सहज असतो.

किती वाढ धोक्याची, यावर एकमत नाही. युरोपीय मार्गदर्शिका तीन दिवसांत २ किलोहून अधिक वाढ हा इशारा मानतात. अमेरिकेत एका दिवसात सुमारे १ ते १.४ किलो किंवा आठवड्यात सुमारे २.३ किलो ही मर्यादा प्रचलित आहे. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, त्यामुळे एवढी वाढ चरबीची असू शकत नाही. मात्र मर्यादा ओलांडली नाही म्हणजे सारे ठीक, असे नव्हे. २००७मधील एका अभ्यासात रुग्णालयात भरती होण्याच्या निदान आठवडाभर आधीच वजन चढू लागल्याचे दिसले. एका दिवसाच्या उडीपेक्षा चढता कल अधिक बोलका असतो, आणि काही रुग्णांचा श्वास वजन फारसे न वाढताच बिघडतो.

उदाहरणार्थ, कोरडे वजन ६४.० किलो असलेला रुग्ण रोज सकाळी फ्युरोसेमाइड ४० मिलिग्रॅम घेतो. डॉक्टरांनी लिहून दिले आहे: तीन दिवसांत २ किलो वाढल्यास तीन दिवस ८० मिलिग्रॅम, नंतर पूर्ववत. सोमवारी वजन ६४.१, मंगळवारी ६४.८, बुधवारी ६५.५ व गुरुवारी ६६.३ भरते. तीन दिवसांत २.२ किलो वाढ झाली आहे. नडगीवर अंगठा पाच सेकंद दाबला की खड्डा राहतो. गुरुवारी सकाळी ८० मिलिग्रॅम एकाच वेळी घेतल्यावर शुक्रवारी वजन ६५.५, शनिवारी ६४.७ व रविवारी ६४.२ होते. रविवारपासून पुन्हा ४० मिलिग्रॅम. पुढच्या काही दिवसांत पोटॅशियम, सोडियम व क्रिएटिनिनची रक्ततपासणी होते. शनिवारीही वजन ६६च्या आसपासच असते, तर स्वतःहून १२० मिलिग्रॅमवर न जाता डॉक्टरांना कळवायचे असते.

उलट दिशेची चूकही होते. वजन कोरड्या वजनाखाली गेले, उभे राहताना भोवळ आली किंवा पेटके आले, तर पाणी जास्त उतरले असावे. जुलाब-उलट्यांच्या दिवशी तर गोळी तात्पुरती थांबवावी का, हे डॉक्टरांना विचारावे लागते.

सूज ही उशिरा दिसणारी खूण आहे. पायांवर खड्डा पडेपर्यंत सहसा काही लिटर पाणी साचलेले असते. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णात ते घोट्यांऐवजी कमरेच्या मागच्या भागात उतरते, म्हणून तिथे दाबून पाहावे. अॅम्लोडिपिन या रक्तदाबाच्या औषधानेही घोटे सुजतात. ती सूज पाण्याच्या गोळीने फारशी उतरत नाही आणि वजनही फारसे वाढलेले नसते. एकाच पायावर अचानक सूज व दुखणे असेल तर शिरेत गुठळी झाल्याची शंका घेऊन त्वरित तपासणी करावी. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या वेदनाशामकांनी मीठ साठते व मूत्रल गोळीचा परिणाम दबतो; विनाकारण वजन वाढले की आधी हे विचारावे. खंगलेल्या रुग्णाचे स्नायू झिजत असताना तेवढेच पाणी वाढत असेल, तर काट्यावर आकडा स्थिर राहतो. अशा रुग्णाचे कोरडे वजन डॉक्टरांकडून वेळोवेळी नव्याने ठरवून घ्यावे लागते. विश्रांतीतही दम लागणे, आडवे झाल्यावर गुदमरणे किंवा गुलाबी फेसाळ कफ पडणे, यांपैकी काहीही झाले तर काट्याचा आकडा काहीही असो, तातडीने रुग्णालय गाठावे.