ईथरच्या बाटलीवरची सर्वांत बारीक ओळ

बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या, दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेल्या एका विद्यार्थिनीनं मला डायएथिल ईथरच्या बाटलीच्या लेबलचा फोटो पाठवला. लेबल मराठीत समजावून हवं होतं. सोबत एक प्रश्नही होता : "एआर ग्रेड आहे आणि स्फोटाचं चित्र कुठेच नाही, म्हणजे आगीपासून जपलं की पुरे ना?" प्रश्न अगदी स्वाभाविक आहे आणि त्याचं उत्तर "नाही" आहे. एआर ग्रेडनं निर्धास्त व्हायचं नाही आणि स्फोटाचं चित्र नाही म्हणूनही नाही. हे कसं, ते सांगण्यासाठी लेबल वरून खाली वाचू या.

सर्वांत वर नाव, सूत्र (C2H5)2O आणि कॅस क्रमांक ६०-२९-७. हा क्रमांक म्हणजे रसायनाची जागतिक ओळख. या द्रवाला कुणी नुसतं ईथर म्हणतं, कुणी एथॉक्सीएथेन, पण क्रमांक बदलत नाही. शंका आली तर नावापेक्षा त्याच्यावर विश्वास ठेवावा.

त्याखाली ग्रेड. आपल्या कॉलेजांत दोनच जास्त दिसतात. एलआर ही साध्या प्रयोगशाळेच्या कामाची, तर एआर म्हणजे विश्लेषणासाठीची. एआर बाटलीवर बहुधा एक छोटा तक्ता असतो. या बाटलीवर तो असा होता : ईथर किमान ९९.५ टक्के, उडून गेल्यावर उरणारा अंश कमाल ०.००१ टक्के, पेरॉक्साइड कमाल ०.०००१ टक्के. या आकड्यांचा अर्थ इतकाच, की बाटली भरली तेव्हा त्यात अमुक अशुद्धी अमुक मर्यादेच्या आत होत्या. तुमच्या विश्लेषणात त्या लुडबूड करणार नाहीत, ही ग्रेडची हमी. अंगावर सांडलं तर चालेल किंवा दोन वर्षांनी उघडलं तरी चालेल, असं त्यात काहीही नाही. 'शुद्ध' म्हणजे 'निर्धोक' हे समीकरण साबणाच्या आणि तेलाच्या जाहिरातींनी आपल्या डोक्यात भरवलं आहे. त्याचंच दुसरं टोक म्हणजे 'केमिकल-फ्री' हा शब्द. पाणीही रसायनच आहे, त्यामुळे या शब्दाला अर्थच उरत नाही. शुद्धतेचा आकडा अशुद्धीबद्दल बोलतो, धोक्याबद्दल बोलत नाही.

तक्त्याच्या तळाशी बारीक अक्षरांत लिहिलं होतं : "स्थिरक म्हणून सुमारे ७ पीपीएम बीएचटी." हीच या लेबलवरची सर्वांत महत्त्वाची ओळ आहे. तिच्याकडे परत येऊच, आधी चित्रं पाहू.

लाल किनारीच्या चौकटी टोकावर उभ्या केलेल्या असतात आणि आत काळं चित्र असतं. ही संयुक्त राष्ट्रांनी २००३ साली प्रथम प्रसिद्ध केलेली पद्धत. जुन्या स्टॉकमधल्या बाटल्यांवर केशरी चौकोन दिसले तर ती त्याआधीची युरोपीय पद्धत समजावी. आपल्या बाटलीवर दोन चित्रं आहेत, ज्वाला आणि उद्गारचिन्ह. शेजारी 'डेंजर' हा संकेतशब्द आहे. सौम्य धोक्यासाठी 'वॉर्निंग' लिहितात, म्हणजे इथे दोहोंतली वरची पायरी आहे. खाली एच २२४ : 'अत्यंत ज्वालाग्राही द्रव आणि बाष्प'. एच ३०२ : 'गिळल्यास अपायकारक'. एच ३३६ : 'गुंगी किंवा चक्कर येऊ शकते'. आकडा २ ने सुरू झाला तर धोका भौतिक, म्हणजे आग, स्फोट, दाब असा, ३ ने झाला तर आरोग्याचा आणि ४ ने झाला तर पर्यावरणाचा. एवढं लक्षात ठेवलं की अर्धं लेबल वाचता येतं.

या यादीच्या शेवटी एक वेगळाच क्रमांक आहे, ईयूएच ०१९ : 'स्फोटक पेरॉक्साइड तयार होऊ शकतात'. सुरुवातीचा ईयू म्हणजे युरोपीय संघ. हे वाक्य युरोपीय नियमांनी जास्तीचं जोडलेलं आहे आणि त्याला स्वतःचं चित्र नाही. चित्रं बाटलीत आज जे आहे त्याच्या वर्गीकरणावरून ठरतात, आणि ताजं ईथर स्फोटकांच्या वर्गात बसत नाही. पुढे त्यात जे तयार होऊ शकतं, त्याची खूण चित्रात येत नाही. फक्त चित्रं पाहून बाटली कपाटात ठेवणाऱ्याला हे कळणारच नाही. शिवाय युरोपीय नियमांनुसार लेबल न छापलेल्या बाटलीवर हे वाक्य नसूही शकतं.

आता हे पेरॉक्साइड येतं कुठून? ईथरच्या रेणूत मध्ये ऑक्सिजन आणि दोन्ही बाजूंना दोन-दोन कार्बन. ऑक्सिजनला लागून असलेल्या कार्बनवरचा हायड्रोजन इतरांपेक्षा सैल बांधलेला असतो. प्रकाशानं किंवा एखाद्या अशुद्धीमुळे तो निघून गेला, की त्या कार्बनवर एक एकटा इलेक्ट्रॉन उरतो. अशा रेणूला मुक्त मूलक म्हणतात आणि तो अत्यंत क्रियाशील असतो. बाटलीतल्या हवेतला ऑक्सिजन त्याला लगेच चिकटतो आणि पेरॉक्सी मूलक तयार होतो. हा पेरॉक्सी मूलक शेजारच्या ईथरच्या रेणूचा सैल हायड्रोजन ओढून घेतो. स्वतः हायड्रोपेरॉक्साइड होऊन तो शांत होतो खरा, पण ज्याचा हायड्रोजन गेला तो शेजारी आता मूलक झालेला असतो. त्याला ऑक्सिजन चिकटतो, तो पुढच्याचा हायड्रोजन घेतो आणि साखळी सुरू राहते. सुरुवातीला एकच मूलक पुरतो.

एवढ्यावर भागत नाही. तयार झालेल्या हायड्रोपेरॉक्साइडमधला ऑक्सिजन-ऑक्सिजन बंध कमकुवत असतो. उष्णतेनं किंवा प्रकाशानं तो तुटला की एकाचे दोन मूलक होतात, म्हणजे दोन नव्या साखळ्या. म्हणून पेरॉक्साइड वाढू लागलं की ते वाढण्याचा वेगही वाढत जातो. पुढे हे हायड्रोपेरॉक्साइड एकमेकांत जुळून मोठ्या साखळ्यांचे पेरॉक्साइड होतात. ते उडून जात नाहीत आणि घर्षणानं किंवा धक्क्यानं फुटू शकतात. शेंगदाण्याचं तेल खवट होतं तेही याच साखळीमुळे, फक्त तिथे शेवटी वास येतो.

इथे बीएचटी कामाला येतं. हा एक फिनॉल आहे. त्याच्या ओएच गटावरचा हायड्रोजन पेरॉक्सी मूलकाला ईथरपेक्षा सहज मिळतो. तो दिल्यावर बीएचटी स्वतः मूलक होतो, पण त्याच्या दोन्ही बाजूंना ब्युटिल गट इतके दाटीनं बसलेले असतात, की तो पुढच्या रेणूपर्यंत पोहोचत नाही. साखळी तिथेच तुटते. पुढे तोच मूलक आणखी एका पेरॉक्सी मूलकाला पकडतो. म्हणजे बीएचटीचा एक रेणू दोन साखळ्या थांबवतो आणि खर्ची पडतो.

खर्ची पडतो, हे इथे महत्त्वाचं. ५०० मिलीलिटर ईथरचं वजन सुमारे ३५५ ग्रॅम. त्यात ७ पीपीएम म्हणजे जेमतेम अडीच मिलिग्रॅम बीएचटी, साखरेचे तीन-चार दाणे. बाटली उघडली की दर वेळी नवा ऑक्सिजन आत जातो आणि हा साठा झिजत राहतो. संपला की संरक्षणही संपलं, आणि बाटलीकडे पाहून ते कळत नाही. ईथर ऊर्ध्वपातन करून 'आणखी शुद्ध' केलं तर बीएचटी मागे राहतं आणि गोळा झालेलं ईथर पूर्णपणे उघडं पडतं. अतिनील वर्णपटमापनासाठीच्या ग्रेडमध्ये तर स्थिरक मुद्दामच घालत नाहीत, कारण बीएचटी स्वतः अतिनील किरण शोषतं आणि मोजणी बिघडवतं. म्हणजे या एका बाबतीत जास्त शुद्ध बाटली जास्त धोक्याची.

आता साठवणुकीच्या सूचना वाचल्या तर त्या या साखळीवरच बेतलेल्या दिसतील. 'प्रकाशापासून दूर' आणि तपकिरी काच, कारण प्रकाश साखळी सुरू करतो. 'झाकण घट्ट', कारण ऑक्सिजन आत यायला नको आणि बाष्प बाहेर जायला नको. 'थंड, हवेशीर जागा', कारण ईथर ३४.६ अंश सेल्सिअसला उकळतं. नागपूर-अकोल्याच्या मे महिन्यात पंखा नसलेल्या स्टोअररूमचं तापमान त्याच्या वर जातं, मग बंद बाटलीतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा जास्त होतो. अशी बाटली आधी थंड होऊ द्यावी, मगच फ्यूम हूडमध्ये झाकण हळूहळू सैल करावं.

'थंड' वाचून बाटली घरगुती फ्रीजमध्ये ठेवणं ही मात्र घोडचूक. ईथरचा प्रज्वलनांक शून्याखाली चाळीस अंशांहूनही खाली आहे, म्हणजे फ्रीजमध्येही त्याचं बाष्प पेट घेऊ शकतं. थर्मोस्टॅट आणि दिव्याच्या स्विचमध्ये ठिणगी पडते, आणि बाष्प हवेच्या अडीचपट जड असल्यानं बंद फ्रीजच्या तळाशी साचून राहतं. त्यासाठी आत ठिणगी न पडणारा खास प्रयोगशाळेचा फ्रीज लागतो. थंडीनं पेरॉक्साइड बनण्याचा वेग कमी होतो, थांबत नाही.

तपासणी सोपी आहे. १ मिली ईथर, तेवढंच ग्लेशियल ॲसिटिक आम्ल आणि त्यात सुमारे ०.१ ग्रॅम पोटॅशियम आयोडाइड घालून हलवा. पेरॉक्साइड आयोडाइडचं आयोडीन करतं. फिकट पिवळा रंग म्हणजे थोडं पेरॉक्साइड, तपकिरी म्हणजे बरंच. आकडा हवा असेल तर तयार चाचणीपट्ट्या मिळतात. १०० पीपीएमच्या पुढे बाटली वापरायची नाही, असा दंडक अनेक प्रयोगशाळा पाळतात. १०० पीपीएम किरकोळ वाटतं. ५०० मिलीत ते फक्त ३५ मिलिग्रॅम होतं. पण ईथर उडवून ५ मिली उरलं, की तेच ३५ मिलिग्रॅम साडेतीन ग्रॅम द्रवात असतं, म्हणजे १ टक्का. आणखी उडवलं तर गरम फ्लास्कच्या तळाशी जवळपास नुसतं पेरॉक्साइड उरतं. ईथरचे अपघात बहुधा याच टप्प्यावर होतात, म्हणून फ्लास्क कोरडा होईपर्यंत ऊर्ध्वपातन कधीही करू नये आणि तपासणी नेहमी त्याआधी करावी.

या तपासणीला मर्यादाही आहे. लांब साखळ्यांचे पेरॉक्साइड पट्टीला नीट कळत नाहीत, त्यामुळे फार जुन्या बाटलीच्या बाबतीत "पट्टी कोरी, म्हणजे ठीक" असं मानता येत नाही. म्हणूनच बाटली आली ती तारीख आणि पहिल्यांदा उघडली ती तारीख, दोन्ही लेबलवर हातानं लिहायच्या असतात. छापलेल्या लेबलवर ही माहिती नसतेच. झाकणाभोवती पांढरे स्फटिक दिसले किंवा बाटली कधी उघडली हे कुणालाच माहीत नसेल, तर तपासण्यासाठीसुद्धा झाकण फिरवू नका. बाटली हलवू नका, इतरांना खोलीबाहेर काढा आणि लॅबप्रमुखांना कळवा. तिची विल्हेवाट हे प्रशिक्षित माणसांचं काम आहे.