रविवारच्या फोनमागचा इतिहास

हे टिपण एका कथेमागच्या तपशिलांचं आहे. त्या कथेतला फिटर मूळचा रत्नागिरीकडचा, आता दुबईच्या लेबर कॅम्पमध्ये राहणारा. तो घरी फोन करतो तो रविवारी, यावरूनच कथेचा काळ साधारण ठरतो. अमिरातीत साप्ताहिक सुट्टी आधी शुक्रवारची असे. २०२२ च्या सुरुवातीला सरकारी सुट्टी शनिवार-रविवारवर गेली आणि नव्या कामगार कायद्याने शुक्रवारच्या सुट्टीची सक्तीही काढून टाकली. त्यानंतर कामाच्या बऱ्याच साइट रविवारी बंद राहू लागल्या.

त्याआधीच्या पिढीने गावी येणाऱ्याच्या हाती आवाज भरलेल्या कॅसेट पाठवल्या, नंतर कॉलिंग कार्डं खरवडली.

खरा वाद व्हॉट्सअ‍ॅपवरच्या कॉलचा. अमिरातीत मेसेज जातो, व्हॉइस नोट जाते, कॉल मात्र लागत नाही. घरी रिंग वाजते, फोन उचलला जातो आणि दोन्हीकडे 'कनेक्टिंग'वर अडकतो. कारण नेटवरून बोलणं हा तिथे परवान्याचा धंदा आहे आणि परवाना दूरसंचार कंपन्यांकडे. २०१७ च्या अखेरीस स्काइपही बंद पडलं. लगेच २०१८ मध्ये त्याच कंपन्यांनी बोटिमसारख्या मान्यताप्राप्त अ‍ॅपसाठी पॅकेज आणलं: मोबाइलवर महिना ५० दिऱ्हाम, ब्रॉडबँडवर १००. नियमामागे सुरक्षेचं कारण दिलं जातं, पण त्याची किंमत सर्वांत कमी पगारवाल्याने मोजली, हे नाकारता येणार नाही. साथीच्या काळात शाळा-ऑफिसच्या मीटिंगसाठी काही अ‍ॅप खुली केली गेली, तेव्हाही व्हॉट्सअ‍ॅप कॉल बंदच राहिला.

नेट दुसऱ्या देशातून वापरल्याचं भासवणाऱ्या व्हीपीएनची पळवाट कॅम्पमध्ये सगळ्यांना ठाऊक असते. पण तिथल्या सायबर गुन्ह्यांच्या कायद्यानुसार गुन्हा करण्यासाठी किंवा लपवण्यासाठी व्हीपीएन वापरला तर दंड पाच लाख दिऱ्हामपासून सुरू होतो. घरच्यांशी बोलणं त्यात बसतं की नाही, याचं छातीठोक उत्तर कॅम्पमध्ये कुणाकडेच नसतं. म्हणून कथेतला माणूस त्या वाटेला जात नाही.

त्याचा हिशोब सोपा आहे. ५० दिऱ्हाम म्हणजे हजाराच्या वर रुपये. खोलीतल्या आठ जणांनी १०० चं पॅकेज वाटून घेतलं, तर प्रत्येकी साडेबारा दिऱ्हाम पडतात. मग आठवड्याला अर्धा तास बोला की दोन तास, खर्च तोच. अट एवढीच की घरच्या फोनमध्येही तेच अ‍ॅप हवं आणि तिकडे नेटला रेंज हवी. पावसाळ्यात गावी लाइट गेली, टॉवर बंद पडला की चित्र थिजतं, मग आवाज तुटतो.

रोमिंगवर मात्र मिनिटामिनिटाला पैसे पडतात, आलेला फोन उचलला तरीही. तरी भारतातलं सिम तो काढून टाकत नाही. गावच्या बँकेचा ओटीपी त्याच नंबरवर येतो आणि रोमिंगमध्ये येणाऱ्या मेसेजला सहसा पैसे लागत नाहीत. त्यामुळे बायको इकडून रिचार्ज मारत राहते आणि ते सिम दुसऱ्या स्लॉटमध्ये डेटा बंद करून पडून असतं.